चपलेचा कान न झाकता गोल बॅज कुठे बसतो

प्रश्न: माझं कोल्हापुरी चपलांचं छोटं दुकान आहे. सेलसाठी मोबाईलवर फोटो काढून त्यावर '३०% सूट' असा गोल बॅज टाकते आणि व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामवर पाठवते. पण बॅज कुठेही ठेवला तरी चपलेचा काही ना काही भाग झाकला जातो. लहान केला तर वाचता येत नाही. नेमका कुठे ठेवायचा, किती मोठा करायचा? की कोपऱ्यात तिरकी पट्टी बरी?

उत्तर:

ताई, तुमची अडचण बॅजमध्ये नाही, फोटोत आहे. बॅजला जागा फोटो काढतानाच ठेवावी लागते. फोटो काढून झाल्यावर कोपऱ्या-कोपऱ्यात बॅज सरकवत बसलं की शेवटी तो कशावर तरी चढतोच. मी बरीच वर्षं जाहिराती आणि फ्लेक्सचं डिझाइन करतो, आता निम्मं काम मोबाईलवर बघायच्या चित्रांचं असतं. चपला, भांडी, साड्या, सगळ्यांच्या सेलच्या चित्रांत हीच चूक मी बघतो: माल चित्रभर मोठा ठेवायचा आणि सूट त्याच्या अंगावर चिकटवायची.

तुमच्याच मालावर हिशेब मांडून दाखवतो. चित्र चौकोनी धरू, १०८० बाय १०८० पिक्सेल. बहुतेक दुकानदार चपलेचा जोड वरून, सरळ उभा, शेजारी शेजारी ठेवून फोटो काढतात, आणि जोड जितका मोठा दिसेल तितका करतात. म्हणजे टाचेपासून अंगठ्यापर्यंत साधारण ९८० पिक्सेल. जोडाची रुंदी त्या प्रमाणात ७६० च्या आसपास येते. उरलं काय? डावीकडे १६० आणि उजवीकडे १६०. त्यातही चित्राच्या कडेला बॅज टेकवायचा नसतो. कडेपासून निदान ५ टक्के, म्हणजे ५४ पिक्सेल मोकळे ठेवायचे. राहिली १०६ पिक्सेलची पट्टी. त्यात जास्तीत जास्त १०६ व्यासाचा गोल बसेल, तोही चपलेला आणि समासाला घासून. मोबाईलच्या पडद्याची रुंदी साधारण साडेसहा सेंटीमीटर धरली, तर हा गोल साडेसहा मिलिमीटरचा दिसतो, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. त्यात 'सूट' हा शब्द कोण वाचणार? म्हणून तुम्ही तो मोठा करता, आणि मोठा केला की तो चपलेवर चढतो.

आता तोच जोड दोन बदल करून ठेवा. पहिला बदल, जोड थोडा लहान: लांबी ७२०, रुंदी ५६०. दुसरा बदल, आणि खरं काम हाच करतो: जोड सरळ न ठेवता तिरका ठेवा. टाचा खाली डावीकडे, अंगठे वर उजवीकडे, उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश कललेला. घड्याळात एक वाजला की तास-काटा जिकडे बघतो, ती दिशा.

एवढ्या कलण्याने काय होतं बघा. जोड लहान केला म्हणून तो चित्रात हरवत नाही, कारण तिरका झाल्यावर तो वर-खाली ९०० पिक्सेल आणि आडवा ८४५ पिक्सेल जागा व्यापतो. चित्र भरलेलंच वाटतं. पण पूर्वी दोन बाजूंना पातळ पट्ट्यांत वाटली गेलेली मोकळी जागा आता दोन कोपऱ्यांत गोळा होते, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. गोल आकाराला पट्टी उपयोगाची नाही, त्याला कोपराच लागतो. मी ह्याच मापांवर मोजलं: कडेचे ५४ पिक्सेल सोडून वरच्या डाव्या कोपऱ्यात चपलेला जेमतेम टेकेल असा सगळ्यात मोठा गोल ३२४ पिक्सेल व्यासाचा बसतो. जोड तेवढाच लहान करून सरळ ठेवला असता, तर बाजूच्या पट्टीत २०६ चाच बसला असता. माल तोच आणि मापही तेच, फरक फक्त ठेवण्याचा.

हा 'सगळ्यात मोठा मोकळा गोल' काढायची सवय लावून घ्या. कॅनव्हा असो वा दुसरं कुठलंही ॲप, एक साधा फिका गोल घ्यायचा, रिकाम्या कोपऱ्यात ठेवायचा आणि तो एका बाजूला मालाला, दुसऱ्या दोन बाजूंना समासाला टेकेपर्यंत मोठा करायचा. जो व्यास येईल त्याच्या ७० टक्के हे तुमच्या बॅजचं माप. ३२४ चे ७० टक्के २२७, आपण सरळ २३० धरू. मोठ्या गोलाचं केंद्र तेच बॅजचं केंद्र ठेवायचं आणि तो फिका गोल मग काढून टाकायचा. बॅज चपलेपासून ४७ पिक्सेलवर राहतो आणि चित्राच्या कडेपासून १०१ वर.

ह्या दोन आकड्यांचं नातं महत्त्वाचं आहे. बॅज मालाला जवळ आणि चित्राच्या कडेला लांब हवा, तेव्हाच तो 'ह्या चपलेची सूट' वाटतो. उलट झालं, म्हणजे बॅज कडेला चिकटला आणि माल लांब राहिला, की तो चित्रावर मारलेल्या शिक्क्यासारखा दिसतो आणि सूट कशावर आहे हे डोळ्याला जोडता येत नाही. एका चित्रात दोन-तीन जोड असतील आणि सूट एकाच जोडावर असेल, तर ही जवळीकच सगळं सांगते.

पण जवळ म्हणजे किती? इथे सगळ्यात वाईट अंतर शून्य नाही. सगळ्यात वाईट आहे ते पाच ते दहा पिक्सेलचं अंतर. बॅजची कड चपलेच्या कडेला जेमतेम स्पर्श करते की नाही असं दिसलं, की बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते. हात थरथरला आणि चुकून सरकलं, असं ते वाटतं. शिवाय मोबाईलवर चित्र लहान झालं की ती बारीक फट बुजते आणि बॅज चपलेला चिकटलेलाच दिसतो. १०८० च्या चित्रात ३० पिक्सेलच्या खाली मी कधीच जात नाही; ४० ते ६० हे चांगलं अंतर.

अंतर मोजताना चपलेचा तळ धरू नका, कान धरा. कोल्हापुरीचे कान तळाच्या बाहेर डोकावतात, आणि आपण सांगितलं तसा जोड ठेवला की डाव्या चपलेचा बाहेरचा कानच नेमका बॅजच्या समोर येतो. तळापासून ४७ पिक्सेल मोजले आणि कान २५ पिक्सेल बाहेर आला, तर हातात २२ च राहतात. म्हणून वरची ५६० ची रुंदीसुद्धा एका टोकाच्या कानापासून दुसऱ्या टोकाच्या कानापर्यंतची आहे. कान झाकला जाऊ नये ह्याचं कारण फक्त सौंदर्य नाही. गिऱ्हाईक कोल्हापुरी बघताना वेणी, कान, अंगठा आणि गोंडा बघतं. शिवण हाताची आहे का, वेणी किती पदरी आहे, हे फोटो मोठा करून तपासतं. माझ्याकडून एकदा अशाच एका दुकानाच्या चित्रात बॅज कानावर आला होता. पुढचे दोन दिवस दुकानदाराला एकच मेसेज येत राहिला, 'बॅज नसलेला फोटो पाठवा'. ज्यांनी एवढी तसदी घेतली नाही, ते गिऱ्हाईक गेलंच असणार. त्या चित्राचे पैसे मी घेतले नाहीत.

आता कोपरा कुठला? तिरक्या जोडाने दोन मोकळे कोपरे दिले. मी वरचा डावा घेईन, आणि त्याला कारणं आहेत. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये फोटोखाली मजकूर लिहिला नसेल, तर वेळ आणि टिकच्या खुणा फोटोवरच, खाली उजवीकडे येतात. तिथे बॅज असला तर त्याच्या अंगावर '१०:४२' छापल्यासारखं होतं. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर एकापेक्षा जास्त फोटोंच्या पोस्टची किंवा रीलची खूण वर उजवीकडे येते. वरचा डावा कोपरा दोन्हीकडे मोकळा राहतो. आपण वाचायला सुरुवातही तिथूनच करतो, म्हणजे आधी '३०%' दिसतं आणि मग नजर तिरकी उतरत चपलेवर येते. खालचा उजवा कोपरा किमतीला किंवा दुकानाच्या नावाला ठेवा, पण ते बारीक आणि फिकं, दुसरा बॅज करून नव्हे.

त्यासाठी फोटो काढताना उजेड डावीकडून घ्या. खिडकी डाव्या हाताला, चपला जमिनीवर पांढऱ्या किंवा फिक्या कागदावर, मोबाईल अगदी वरून. चपलेची सावली मग उजवीकडे पडते आणि वरचा डावा कोपरा स्वच्छ राहतो. सावलीचं हे भान फार थोडे लोक ठेवतात. चपलेची सावली हा चपलेचाच भाग आहे. बॅज त्या सावलीवर चढला की तो चपलेशेजारी जमिनीवर ठेवलेल्या एखाद्या बिल्ल्यासारखा दिसतो आणि डोळा विचारतो, ह्याची सावली कुठे आहे? मग लोक बॅजला खोटी सावली देतात, ती दुसऱ्याच दिशेला पडते, आणि सगळं चित्र नकली वाटायला लागतं. बॅज सपाट ठेवा, सावलीविना. तो फोटोतली वस्तू नाही, फोटोवरचा मजकूर आहे.

फोटो आधीच सरळ काढलेले असतील तर? मागचा कागद एकरंगी असेल तर जोड कापून घेऊन ॲपमध्येच फिरवता येतो. पण लाकडी फळ्या किंवा फरशीवर काढलेला फोटो फिरवू नका, फरशीच्या रेघा तिरक्या होतात आणि चपला घसरताहेत असं वाटतं. तुमच्याकडे चपला आहेतच. पुन्हा काढणं दहा मिनिटांचं काम आहे. आणि जागा मिळावी म्हणून फोटो आरशासारखा उलटा करू नका. तळावर किंवा पट्ट्यावर नंबर किंवा छाप असेल तर तो उलटा दिसतो, आणि ते पहिल्यांदा गिऱ्हाईकाच्याच लक्षात येतं.

आता बॅजच्या आतलं. २३० व्यासाच्या गोलात २३० रुंदीचा मजकूर बसत नाही, हे दिसायला साधं आहे, पण तिथेच अक्षरं कडेला भिडतात. गोलात बसणारा सगळ्यात मोठा चौकोन व्यासाच्या सुमारे ७० टक्के असतो, इथे १६२ पिक्सेल. दोन ओळींचा मजकूर ह्या चौकोनात मावला पाहिजे. वर '३०%' ८० च्या मापात, खाली 'सूट' ४४ च्या मापात, एवढं त्यात नीट बसतं. मोबाईलवर ८० च्या मापातला आकडा सुमारे तीन मिलिमीटर उंच दिसतो, हात लांब करूनही वाचता येतो. इन्स्टाग्रामच्या जाळीत चित्र एक तृतीयांश होतं, तिथे 'सूट' वाचता येत नाही पण '३०%' कळतं, आणि तेवढं पुरतं. म्हणून आकडा आणि शब्द एकाच मापात ठेवू नका. आकडा शब्दाच्या दीड-दोन पट हवा.

देवनागरीची एक खास अडचण इथे येते. आकड्यांना शिरोरेषा नसते, शब्दाला असते. '३०%' च्या अगदी खाली 'सूट' आला की त्याची शिरोरेषा आकड्याखाली मारलेल्या रेघेसारखी दिसते, जणू अपूर्णांक लिहिलाय. आकड्याचा तळ आणि शिरोरेषा ह्यांत निदान १५ पिक्सेल सोडा. दुसरीकडे 'सू'चा दीर्घ उकार ओळीच्या खाली लोंबतो. ॲपने मजकूर 'मध्यभागी' आणला तरी त्याच्या हिशेबातली चौकट आणि डोळ्याला दिसणारा आकार वेगळे असतात. ॲपवर सोडू नका. मध्यावर आणल्यावर डोळे किंचित मिटून बघा, दोन ओळींचा मिळून होणारा ठिपका गोलाच्या मध्यात आहे का ते पाहा, आणि चार-सहा पिक्सेल हाताने वर-खाली करा.

फॉन्ट जाड घ्या, पण आतल्या पोकळ्या उघड्या राहतील असा. मुक्ता एक्स्ट्राबोल्ड किंवा बलू ह्या कामाला चांगले. दोन्ही मोफत मिळतात. देवनागरी आकडे वापरत असाल तर '१' आणि '९' ह्यांच्यावर लक्ष ठेवा. लहान मापात जाड फॉन्टमध्ये '१०%' आणि '९०%' एकसारखे दिसू शकतात, आणि मग दुकानात वाद होतो. '३०' ला तो धोका नाही. १० किंवा १५ टक्क्यांच्या सेलला मात्र मी एकदा लहान करून, दुसऱ्या कुणाला तरी दाखवून वाचून घेतो. स्वतःला काय लिहिलंय ते माहीत असतं, त्यामुळे आपली नजर ह्यात उपयोगाची नाही.

सूट सरसकट ३० टक्के नसेल, काही जोडांवर २० आणि काहींवर ३० असेल, तर 'पर्यंत' हा शब्द लिहायलाच हवा, आणि तो वाचता येईल असा हवा. आकडा मोठा छापून 'पर्यंत' चिमुकलं करायची रीत चुकीची आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दाव्याला जोडलेला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये असावा, असं त्यांत म्हटलं आहे. डिझाइनच्या बाजूने सांगायचं तर 'पर्यंत' हा अवघड शब्द आहे: वर रफार आणि अनुस्वार, त्यामुळे ओळीची उंची वाढते. तीन ओळी २३० च्या गोलात कोंबल्या की सगळ्याच बारीक होतात. अशा वेळी बॅज २८० पर्यंत न्या. ३२४ च्या मोकळ्या गोलात तो बसतो, पण चपलेपासूनचं अंतर २२ वर येतं, म्हणून जोड खाली-उजवीकडे वीस-वीस पिक्सेल सरकवा. तिरकं सरकवल्याने जोडाच्या डाव्या कडेपासूनचं अंतर सत्तावीसेक पिक्सेलने वाढतं आणि बॅजला पुन्हा ४९ पिक्सेल मिळतात. किंवा 'पर्यंत' ला बॅजमध्ये घेऊच नका: चित्र ज्या जोडाचं आहे, त्या जोडाची खरी सूट लिहा. मला हाच मार्ग जास्त आवडतो. '३०% पर्यंत' पेक्षा 'ह्या जोडावर २०%' हे गिऱ्हाईकाला जास्त कामाचं असतं.

रंगाबद्दल तुमच्या मालाला लागू पडणारी एकच गोष्ट सांगतो. बॅज लाल करू नका. सेल म्हणजे लाल, असं सगळ्यांच्या हातात बसलंय, पण कोल्हापुरीवर लाल रंगाचा मान गोंड्याचा आहे. तेल पाजलेल्या चामड्याच्या तपकिरी रंगावर तो लहानसा लाल गोंडा नजर खेचून घेतो, सगळ्या चपलेचा जीव तिथे असतो. शेजारी त्याच्या कितीतरी पट मोठा लाल गोळा आला की गोंडा विझतो. बॅजने चपलेचा एकही पिक्सेल झाकलेला नसतो, तरी गोंडा झाकल्यासारखाच होतो. पिवळाही नको, तो चामड्याच्या रंगात मिसळतो. गडद निळा घ्या, `#12305E` च्या जवळचा, आणि त्यावर पांढरी अक्षरं. तपकिरी-पिवळ्याच्या शेजारी निळा स्पष्ट वेगळा उठतो आणि गोंड्याशी भांडत नाही.

ह्याला एक तांत्रिक कारणही आहे. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं, आणि त्या दाबण्यात उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी टिकतो पण रंगाचा तपशील कमी बारकाईने साठवला जातो. लाल बॅजवर पिवळी अक्षरं ही जोडी बरीचशी रंगाच्या फरकावर उभी असते, म्हणून तिच्या कडा दोन-तीनदा फॉरवर्ड झाल्यावर फाटतात, अक्षरांभोवती मळकट धूर दिसतो. गडद निळ्यावर पांढऱ्यात उजेडाचा फरकच मोठा असतो, तो टिकतो. तरीही ग्रुपवर पहिल्यांदा टाकताना एचडी निवडून टाका.

बॅजची कड साधी गोल ठेवा. आमच्या फ्लेक्सच्या धंद्यात काटेरी गोलाला 'स्टार' म्हणतात आणि गिऱ्हाईक तो मागून घेतं. पण काटे मोजले तर २३० च्या स्टारमध्ये मजकुराला १९० चाच गोल उरतो, आणि ते काटे वेणीच्या बारीक नक्षीशेजारी गोंधळ घालतात. वेणी हीच तुमच्या चित्रातली नक्षी असू द्या.

आता तिरक्या पट्टीचं. पट्टी वाईट नाही, पण तिचं काम वेगळं आहे. गोल बॅज मालाजवळ तरंगतो म्हणून तो त्या मालाचा असतो. कोपऱ्यावरची पट्टी चित्राच्या कोपऱ्याला बांधलेली असते, म्हणून ती सगळ्या चित्राची, सगळ्या दुकानाची वाटते. 'दिवाळी सेल', 'नवीन माल', 'फक्त रविवारपर्यंत' असा मजकूर पट्टीवर शोभतो. एका जोडावरची सूट गोलावर.

जागेच्या हिशेबात मात्र पट्टीला एक फायदा आहे. जोड सरळच ठेवायचा असा तुमचा आग्रह असेल तर तीच बसते. ७२० बाय ५६० चा सरळ जोड मधोमध ठेवला, तर त्याची वरची डावी टोकं कडेपासून आडवी २६० आणि उभी १८० पिक्सेलवर येतात. कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर ३४०-३४० पिक्सेल मोजून तिरकी रेघ मारली, तर ती जोडाच्या त्या काल्पनिक टोकापासून ७० पिक्सेल लांब राहते, आणि चप्पल तिथे गोलाकार असल्याने प्रत्यक्षात आणखी लांब. ९० पिक्सेल जाडीच्या पट्टीवर '३०% सूट' एका ओळीत ५० च्या मापात बसतं. पण ते तिरकं वाचावं लागतं, शिरोरेषा ४५ अंशांत गेल्यावर लहान चित्रात तिच्या पायऱ्या दिसतात, आणि मजकूर जरा लांबला की टोकं चित्राच्या कडेने कापली जातात.

कापण्यावरूनच शेवटची आणि तुम्हाला नक्की लागणारी गोष्ट. वरची सगळी मापं चौकोनी चित्राची आहेत आणि ती व्हॉट्सॲपवर जशीच्या तशी चालतील. इन्स्टाग्रामने मात्र २०२५ मध्ये प्रोफाइलची जाळी चौकोनीऐवजी उभी केली, तीनास चार ह्या प्रमाणात. पोस्ट उघडल्यावर चौकोनी चित्र पूर्ण दिसतं, पण जाळीत त्याच्या डाव्या-उजव्या कडा कापल्या जातात, १०८० च्या चित्रात प्रत्येक बाजूने १३५ पिक्सेल. आपला बॅज डाव्या कडेपासून १०१ वर सुरू होतो, म्हणजे जाळीत त्याची डावी कड ३४ पिक्सेल उडेल. कोपऱ्यातली पट्टी तर जवळजवळ निम्मी जाईल.

म्हणून इन्स्टाग्रामसाठी त्याच चित्राची दुसरी प्रत १०८० बाय १३५० ची करा. जाळीत ह्या मापाच्या प्रत्येक बाजूने जेमतेम ३४ पिक्सेल जातात, बॅज सुरक्षित राहतो. वाढलेली २७० पिक्सेलची उंची कशी वाटायची हे बघा: जोड आणि बॅज दोन्ही एकत्र निवडून खाली १०० पिक्सेल सरकवा, त्यांचं आपसातलं अंतर बदलू नका. वर १०० चा मोकळा श्वास मिळतो, खाली १७० च्या जागेत दुकानाचं नाव, किंमत आणि सेलची तारीख येते. स्टेटसला आणखी उभं, १०८० बाय १९२० चं चित्र लागतं. तिथे वर पाठवणाऱ्याचं नाव आणि खाली उत्तर द्यायची चौकट येते, म्हणून जोड-बॅजची ही जोडगोळी मधल्या भागातच ठेवा, वर-खाली अडीचशे पिक्सेल काही लिहू नका.

आणि बॅज नसलेली मूळ प्रत वेगळी सांभाळून ठेवा. उद्या ॲमेझॉनवर माल टाकायचा झाला तर तिथे मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, माल चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापणारा लागतो आणि फोटोवर कसलाही मजकूर चालत नाही. गूगलच्या खरेदीच्या यादीतही सूट लिहिलेला फोटो नाकारला जातो. तिथे सूट किमतीच्या रकान्यात भरायची असते. सेल संपल्यावर कॅटलॉगमध्ये परत लावायला तुम्हालाही तीच प्रत लागेल.

पाठवण्याआधी मी दोनच गोष्टी करतो. बॅजचा थर बंद करून चित्र बघतो: चपलेचे दोन्ही कान, दोन्ही गोंडे, दोन्ही अंगठे, टाचा आणि सावली पूर्ण दिसल्या पाहिजेत, आणि बॅज परत चालू केल्यावर ह्यातलं काहीही बदललेलं नसावं. मग चित्र स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतो, मोबाईल टेबलावर ठेवतो आणि उभा राहून बघतो. '३०%' वाचता आलं आणि बॅज-चपलेमधली फट उभ्यानेही दिसली, की चित्र ग्रुपवर जातं. फट दिसली नाही तर बॅज दहा पिक्सेलने लहान करतो आणि पुन्हा बघतो.